बाजारच्या दिवशी येणे झाल्यास

‘गैरसमज नसावा, सहज आठवण करून देते आहे,’ असं मी लिहिलं आणि मग ते वाक्य पुसून टाकलं. २ जुलै २०२४, मंगळवार, सकाळचे साडेदहा वाजले होते. चाकणजवळच्या एका कारखान्यासाठी मी यंत्रांच्या सुरक्षा पुस्तिकेचं मराठी भाषांतर केलं होतं. बिल दिलं २७ मे रोजी, मुदत तीस दिवसांची, म्हणजे २६ जूनला पैसे यायला हवे होते. ते आले नव्हते. वर सहा दिवस झाले होते, आणि मुदत उलटल्यानंतरचा पहिला मेल मला लिहायचा होता.

मी बावीस वर्षं भाषांतराचं काम करते. औषधाच्या चिठ्ठ्या, विम्याची कागदपत्रं, क्रेनच्या सूचना, सगळं मराठीत आणलं आहे. तरी ही सात-आठ ओळींची चिठ्ठी लिहिताना माझा हात बराच काळ अडखळायचा. एकतर मी पैसे उसने मागायला आल्यासारखी लिहायचे, नाहीतर वकिलाच्या नोटिशीसारखी. मधला सूर सापडायला फार वेळ लागला. तो सापडला तेव्हा लक्षात आलं की तो माझ्या घरातच होता, वडिलांच्या लाकडी पेटीत.

अण्णांचा छापखाना होता, सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात. पायाने चालवायचं ट्रेडल, खिळ्यांच्या केसेस, शाईचा वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं छापायची. आसपासच्या खेड्यांतली माणसं काम टाकून जायची, माल घेऊन जायची आणि पैसे ‘सुगीला देतो’ म्हणायची. बाकी राहिली की अण्णा पत्र लिहीत. त्या पत्राची नक्कल ते एका वहीत ठेवत. ती वही माझ्याकडे आहे. त्यातलं एक पत्र असं:

‘सा. न. वि. वि. आपल्या चिरंजीवांच्या लग्नपत्रिका ३०० प्रती दि. ४ रोजी पोहोचत्या केल्या. त्यापोटी रु. १४० येणे आहेत. बाजारच्या दिवशी येणे झाल्यास सोबत आणावेत. छपाईत काही कमीजास्त असल्यास सांगावे. कळावे.’

लहानपणी मला या पत्रातलं एकच कळायचं: ते आंतरदेशीय पत्रावर लिहिलेलं असायचं, पोस्टकार्डावर कधीच नाही. पोस्टकार्ड स्वस्त होतं आणि घरात त्याची चवड असायची. एकदा मी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, ‘कार्ड पोस्टमन वाचतो, वाड्यातले सगळे वाचतात. बाकीचं पत्र बंदच पाहिजे. त्या माणसानं उद्या आपल्या दुकानात ताठ मानेनं यायला हवं.’

हे वाक्य मला नीट समजायला २०१८ उजाडावं लागलं. ते आधी सांगते.

तेव्हा एका दुसऱ्या कंपनीकडे माझं छत्तीस हजारांचं बिल अडकलं होतं. मुदत उलटून आठवडा झाला होता. त्याआधी मी एकदाही आठवण केली नव्हती, पण मनातल्या मनात रोज करत होते. त्यामुळे मेल लिहायला बसले तेव्हा माझ्या लेखी तो पहिला नव्हताच. ‘वारंवार पाठपुरावा करूनही’ अशी त्याची सुरुवात झाली. पुढे ‘थकीत रक्कम तातडीने अदा करावी’. आणि वजन पडावं म्हणून प्लँटच्या मुख्य अधिकाऱ्यांना सीसीत ठेवलं.

चार दिवसांत पैसे जमा झाले. म्हणून बरेच दिवस मला वाटत होतं की मेल अगदी बरोबर होता. पुढच्या कामाच्या वेळी तिथल्या अकाउंट्समधल्या मॅडमना प्रत्यक्ष भेटले तेव्हा खरं काय घडलं ते कळलं. मी बिल दिलं होतं ते काम सांगणाऱ्या इंजिनिअरला. त्यावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नव्हता. तो विचारून घालू म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं, आणि मधेच ते नोकरी सोडून गेले. मॅडमच्या टेबलावर बिल कधी आलंच नव्हतं. माझा मेल हीच त्यांना त्या बिलाची पहिली खबर, आणि ती साहेबांच्या साक्षीनं. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं. त्या मला म्हणाल्या, ‘मला एक फोन केला असता तर त्याच दिवशी शोधलं असतं.’ रागानं नाही, साधंच म्हणाल्या. मला मात्र ते लागलं, कारण मी त्यांच्या नावानं पोस्टकार्ड टाकलं होतं.

तेव्हापासून पहिल्या मेलमध्ये मी एकाच माणसाला लिहिते, आणि तो माणूस म्हणजे ज्याच्या हातून बिल पुढे सरकणार आहे तो. माझे पैसे ‘कंपनी’ अडवते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतं, आणि कुठल्यातरी टेबलावर त्याला काहीतरी कमी पडतं. ऑर्डरचा नंबर, काम मिळाल्याची सही, जीएसटीचा मेळ, नव्या आर्थिक वर्षात परत मागितलेला एखादा कागद. मुदतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत ‘द्यायचे नाहीत’ हे कारण फार कमी वेळा असतं. म्हणून पहिल्या मेलचं काम एवढंच की बिल कुठे थांबलं आहे ते शोधून काढायचं, आणि ते सोडवायला लागणारं सगळं त्या माणसाच्या हातात एका जागी द्यायचं. वसुलीचं काम त्याच्या पुढचं, लागलंच तर.

आता चाकणच्या बिलाकडे येते. २६ जूनला बुधवार होता. मी २७ ला मेल का केला नाही? कारण या कंपनीत पैसे महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शुक्रवारी सुटतात. हे मी पहिल्याच कामाच्या वेळी विचारून ठेवलं होतं. बँकेतून एनईएफटी आता चोवीस तास होतं, पण कंपनीत मंजूर बिलांची यादी ठरल्या दिवशीच लागते. म्हणजे २६ ची मुदत असलेलं बिल शुक्रवारी २८ जूनला सुटणं स्वाभाविक होतं. २७ ला आठवण केली असती तर ज्यांची यादी तयारच होती त्यांना उगाच टोचल्यासारखं झालं असतं. २८ गेला, शनिवार-रविवार गेला, सोमवारी पुन्हा स्टेटमेंट पाहिलं. तिथे बिलाची पूर्ण रक्कम शोधून उपयोग नसतो हेही अनुभवानं शिकले. टीडीएस कापून जी रक्कम येणार तीच शोधावी लागते. माझं बिल ७२,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९६०, एकूण ८४,९६०. टीडीएस १० टक्के, तो जीएसटी सोडून मूळ ७२,००० वर, म्हणजे ७,२००. खात्यात यायचे ७७,७६०. एकदा मी पैसे आलेले असतानाच आठवण पाठवली होती, केवळ आकडा वेगळा दिसल्यामुळे. ती लाज अजून आठवते.

पुढचा शुक्रवार १२ जुलैचा. त्या यादीत यायचं तर त्याआधी आठवडाभर तरी बिल मंजूर हवं. शिवाय महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टीडीएस भरायची ७ तारीख जवळ आलेली असते, त्या टेबलावरची माणसं त्यात बुडालेली असतात. सोमवारी सकाळी मेलचा ढीग असतो. म्हणून मंगळवार. ‘मुदतीनंतर तीन दिवसांनी लिहावं की सात’ असं मला नवीन मुलं विचारतात. मी त्यांना सांगते की आधी त्या कंपनीचा पैसे सोडायचा वार विचारून ठेवा, म्हणजे दिवस आपोआप ठरतो. अण्णांच्या पत्रातला ‘बाजारच्या दिवशी’ तोच आहे. तो माणूस गावात कधी येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याला एसटीचा वेगळा खर्च पडणार नाही असा दिवस ते सुचवत होते.

शेवटी जो मेल गेला तो असा:

विषय: बिल क्र. २४-२५/०११, रु. ८४,९६०, देय दि. २६ जून: पेमेंटची तारीख

नमस्कार मॅडम,

सुरक्षा पुस्तिकेच्या मराठी भाषांतराचं आमचं बिल क्र. २४-२५/०११ (दि. २७ मे) २६ जून रोजी देय होतं. काल १ जुलैपर्यंतचं बँक स्टेटमेंट पाहिलं, त्यात रक्कम जमा झालेली दिसत नाही.

टीडीएस वजा जाता रु. ७७,७६० येणे आहेत. बिल आणि पुस्तिका मिळाल्याची पोच सोबत पुन्हा जोडली आहे. पर्चेस ऑर्डरचा नंबर बिलावर वरच्या कोपऱ्यात आहे.

हे बिल १२ जुलैच्या पेमेंटमध्ये आहे का, एवढं कळवाल का? बिलात काही अडचण असेल तर तीही सांगा, लगेच दुरुस्त करून पाठवते.

पेमेंट आधीच झालं असेल तर बँक व्यवहाराचा यूटीआर नंबर पाठवावा, मी इकडे जुळवून घेते.

धन्यवाद.

खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. बस.

या मेलमधला एकेक शब्द मी निवडलेला आहे, आणि मला त्याबद्दल बोलायचं आहे, कारण पैशाच्या बाबतीत मराठीत छटा फार आहेत. ‘थकीत’, ‘थकबाकी’ हे शब्द वीजबिलावर आणि कर्जाच्या नोटिशीवर असतात. ते वाचताना समोरचा आपोआप कसूरदार ठरतो. ‘देय’ म्हटलं की फक्त तारीख सांगितली जाते. ‘येणे’ तर माझ्या बाजूनं बघणारा शब्द आहे. माझ्या वहीत काय बाकी आहे ते मी सांगते, तुमच्या वागण्याबद्दल काहीच म्हणत नाही. ‘तुम्ही अजून पैसे दिले नाहीत’ आणि ‘खात्यात जमा झालेले दिसत नाहीत’ यांत माहिती एकच आहे. पण दुसरं वाक्य मला जेवढं दिसलं तेवढंच सांगतं. पैसे सुटलेले असतील आणि बँकेत चुकीच्या खाते क्रमांकामुळे परत गेले असतील, तरी ते खोटं ठरत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे शब्द. ‘गैरसमज नसावा’ मी कायमचं सोडलं, कारण ते वाचूनच समोरच्याला वाटतं की इथे गैरसमज करून घेण्यासारखं काहीतरी आहे. ‘त्रास देते आहे’ लिहिलं की मी स्वतःच कबूल केलं की हा त्रास आहे. आणि ‘जमल्यास’ हा सगळ्यात महागात पडणारा शब्द. चहाला बोलावताना ‘जमल्यास या’ म्हणतात. बिलाला लावला की पैसे देणं हे जमवायच्या गोष्टींत जाऊन बसतं. मी नवी होते तेव्हा एकाच मेलमध्ये हे तिन्ही वापरलेले आहेत. त्या मेलला उत्तर येत नसे आणि मला वाटे की माणसं उर्मट आहेत. आज तो मेल वाचला तर माझ्याही लक्षात येत नाही की त्यात नेमकं काय मागितलं आहे. बिलाचा नंबरसुद्धा नाही.

नम्रपणा या शब्दांत नसतोच, असं आता माझं मत झालं आहे. ज्या बाईंना दिवसाला शंभर मेल येतात, त्यांना जुने मेल उकरून माझं बिल शोधायला न लावणं हा नम्रपणा. म्हणून विषयाच्या ओळीतच नंबर, रक्कम आणि तारीख. म्हणून बिल पुन्हा जोडलेलं. म्हणून टीडीएस वजा करून आलेला आकडा, म्हणजे त्यांच्या यादीतल्या आकड्याशी तो थेट ताडता येतो. ज्या मेलबरोबर मूळ बिल गेलं होतं त्याच मेलला उत्तर म्हणून मी हे पाठवते. खाली २७ मेचा मेल आपोआप दिसतो आणि ‘बिल वेळेत दिलं होतं’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

बँकेचा खाते क्रमांक मात्र मी मेलच्या मजकुरात मुद्दाम लिहीत नाही. बिलावर तो आहे. पैशाची आठवण करणारा मेल आणि त्यात खात्याची माहिती, ही फसवणुकीची नेहमीची पद्धत झाली आहे. दुसऱ्याचा मेल हॅक करून ‘आमचं खातं बदललं आहे, कृपया इथे पाठवा’ असं लिहितात. त्यामुळे सावध अकाउंटंट असा मेल पाहिला की थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. आपलं खातं खरोखर बदललं असेल तर ते वेगळ्या पत्रानं, फोन करून कळवावं, या मेलमध्ये मिसळू नये.

सगळ्यात जास्त वेळ मी प्रश्नावर घालवते. ‘लवकरात लवकर पेमेंट करावे’ याला ‘हो, करतो’ असं उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो. ‘काही अपडेट आहे का?’ याला ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर येतं. ‘१२ जुलैच्या पेमेंटमध्ये आहे का?’ याला हो, नाही, किंवा अडचण, एवढीच उत्तरं आहेत आणि तिन्ही माझ्या कामाची आहेत. तारीख माझ्या सोयीची नसून त्यांची आहे, म्हणून तो दबाव वाटत नाही. आणि ‘बिलात अडचण असेल तर सांगा’ ही ओळ मनापासून हवी. अण्णा ‘छपाईत काही कमीजास्त असल्यास सांगावे’ लिहीत. कारण पुष्कळदा गिऱ्हाईक पत्रिकेत मामाचं नाव चुकलं म्हणून नाराज असतं, बोलत नाही, आणि पैसे अडवून बसतं. दार उघडं ठेवलं की ते बोलतं.

माझ्या धाकट्या बहिणीनं हा मेल वाचून विचारलं, ‘तुझी उद्यम नोंदणी आहे ना? मग कायदा का नाही लिहीत?’ तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म आणि लघू पुरवठादारांना संरक्षण आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण माल किंवा काम स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि आयकर कायद्याच्या ४३बी कलमात भर पडून २०२४-२५ या आकारणी वर्षापासून आणखी एक गोष्ट झाली. या मुदतीनंतर दिलेले पैसे खरेदीदाराला ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळतात. त्यामुळे मार्च जवळ आला की कंपन्या स्वतःहून विचारतात, तुमची उद्यम नोंदणी आहे का.

पण हे पहिल्या मेलमध्ये लिहून काय होतं ते बघा. जुलै २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, तिप्पट म्हणजे २०.२५. माझ्या ८४,९६० वर सहा दिवसांचं व्याज होतं साधारण २८३ रुपये. तेवढ्यासाठी मी कलमं लिहिली तर मॅडम तो मेल स्वतः सोडवणार नाहीत. तो कायदा विभागाकडे किंवा साहेबांकडे जाईल, कारण कलम दिसलं की त्यांना स्वतःच्या अधिकारात उत्तर देता येत नाही. म्हणजे जिथे एका टेबलावर काम होणार होतं तिथे तीन टेबलं वाढली. शिवाय पहिल्याच मेलमध्ये सगळ्यात मोठा आवाज काढला, तर महिन्यानं खरंच गरज पडेल तेव्हा काय काढायचं? मी बहिणीला बिल दाखवलं. त्याच्या तळाशी उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला आहे आणि शेजारी ‘मुदत: ३० दिवस’. अकाउंट्समधल्या माणसाला त्या एका ओळीतून सगळं कळतं. कायदा बिलावर असावा, पहिल्या मेलमध्ये नसावा, असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या मेलमध्ये तो जरूर यावा.

मेल गेला ११ वाजून ५ मिनिटांनी. पावणेचारला उत्तर आलं. दोन ओळींचं.

‘मॅडम, तुमचं बिल मे महिन्याच्या २बी मध्ये दिसत नाही म्हणून होल्डवर आहे. रिटर्न भरलं की कळवा.’

मी खुर्चीत मागे टेकले. चूक माझ्याकडेच होती, आणि ती मला दिसलीच नव्हती. मी जीएसटीचं विवरणपत्र दर तिमाहीला भरते. एप्रिल ते जूनचं जुलैत. त्यामुळे माझं मेचं बिल सरकारी पोर्टलवर जुलैपर्यंत चढणारच नव्हतं. ते चढल्याशिवाय कंपनीच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात दिसत नाही, आणि तिथे दिसल्याशिवाय त्यांना माझ्या १२,९६० रुपयांचं इनपुट क्रेडिट घेता येत नाही. म्हणून पुष्कळ कंपन्या, हे बिल २बी मध्ये उतरेपर्यंत पैसे थांबवतात. तिमाही भरणाऱ्यांसाठी यावर सोय आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ नावाच्या सुविधेतून आधीच चढवता येतात. ती ऐच्छिक आहे. मी ती कधी वापरलीच नव्हती, कारण कोणी कधी अडवलं नव्हतं.

समजा, मी २०१८ सारखा मेल लिहिला असता. ‘वारंवार पाठपुरावा करूनही’, साहेब सीसीत, ‘तातडीने’. आणि मग सगळ्यांच्या समोर उत्तर आलं असतं की आपणच रिटर्न भरलेलं नाही. पुढच्या कामाला त्यांनी मला बोलावलंही असतं कदाचित, पण मला त्या मॅडमशी बोलताना काय वाटलं असतं ते मला माहीत आहे. साध्या मेलमुळे मला फक्त एवढंच लिहावं लागलं: ‘कळवल्याबद्दल आभार. गुरुवारपर्यंत भरून पोच पाठवते.’

४ जुलैला तिमाहीचं जीएसटीआर-१ भरलं आणि पोचपावती त्यांना पाठवली. जूनचा २बी तक्ता १४ तारखेला तयार होणार होता, पण २ए या दुसऱ्या तक्त्यात पुरवठादारानं भरल्यावर लवकर दिसतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला, ‘दिसलं. १२ च्या यादीत घेते.’ १२ जुलैला संध्याकाळी पावणेसहाला मोबाइलवर संदेश वाजला. ७७,७६०. मी पैसे मिळाल्याचं त्याच मेलच्या उत्तरात कळवलं, यूटीआर नंबरसह. ही सवय मी कधी सोडत नाही, कारण ज्या मेलमध्ये मागितलं तो मेल ‘मिळाले’ या शब्दानं बंद झाला की दोन्हीकडची वही मिटते.

हे सगळं चालतं ते जिथे बिलाला टेबलं आहेत तिथे. एकट्या माणसाचं काम असेल, एखादे डॉक्टर, छोटा प्रकाशक, दुकानदार, तर मी मेलच करत नाही. तिथे काम देणारा आणि पैसे सोडणारा एकच असतो, त्याला विषयाची ओळ आणि जोडपत्रं पाठवणं कोरडं वाटतं. फोन करते, आधी कामाबद्दल विचारते आणि मग सरळ म्हणते, ‘बिलाचं तेवढं या आठवड्यात बघाल का?’ आणि एखादी कंपनी दर वेळी मुदत उलटवते, तीन-तीन मेलांना उत्तर देत नाही, तिच्यासाठी हा सूर नाही. तिथे मी पुढच्या कामाला निम्मी रक्कम आधी मागते. चार कामाच्या दिवसांत पहिल्या मेलला उत्तर आलं नाही तरी मी दुसरा मेल करत नाही, आधी फोन लावते. बहुतेक वेळा ती व्यक्ती रजेवर असते.

त्याच कंपनीचं पुढचं बिल मी १९ जुलैला दिलं. ११ ऑगस्टला, रविवारी, आठवणीनं ते आयएफएफमध्ये चढवलं. मुदत १८ ऑगस्टची होती. मी माझ्या वहीत २७ ऑगस्ट, मंगळवार, असं लिहून ठेवलं होतं, चौथा शुक्रवार उलटल्यावर बघायचं म्हणून.

१४ ऑगस्टला संध्याकाळी मॅडमचाच मेल आला. विषयाच्या ओळीत बिलाचा नंबर, रक्कम आणि तारीख, अगदी मी लिहिते त्याच क्रमानं. आत एवढंच होतं: ‘या वेळी २बी मध्ये आलं आहे. २३ ऑगस्टच्या यादीत घेतलं आहे, ताई.’